आळ आपल्या भाषेत, खुलासा इंग्रजीत

शहर बससेवेच्या मुख्य आगारात, जिथे गाड्या धुतात त्याच्या वरच्या मजल्यावर माहिती कक्ष होता. कक्ष हे नाव भारदस्त. आत दोन टेबलं, एक कपाट आणि एक खिडकी एवढाच पसारा. खिडकी उघडली की खालून पाण्याच्या फवाऱ्याचा आणि धुणाऱ्यांच्या गप्पांचा आवाज यायचा, बंद केली की जीव गुदमरायचा. त्यामुळे ती कायम अर्धी उघडी असे आणि दोन्ही त्रास थोडे थोडे होत.

एका टेबलावर बाई बसायच्या. पूर्वी त्या आगाराच्या दाराशी खडूने पाटी लिहायच्या. कुठली गाडी उशिरा, कुठली फेरी रद्द, कुठला रस्ता खणलाय. पुढे पाटी गेली, फोन आले, बससेवेने समाजमाध्यमावर आपलं पान उघडलं आणि तेच काम बाईंच्या बोटांकडे आलं. चालक-वाहक मात्र अजून त्यांना पाटीवाल्या बाईच म्हणत. दुसऱ्या टेबलावर रंगारी. खरं तर तो संगणकावर चित्रं आणि फलक करायचा, रंगाचा डबा त्याने जन्मात उघडला नसेल, पण एकदा चिकटलेलं नाव कोण सोडवणार? डोक्यावर केस उरले नव्हते, तरी नाव रंगारीच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बससेवेची पोस्ट टाकायची त्यात काय मोठं? पण हे शहर सरमिसळ. निम्मे लोक इथलेच, आपल्या भाषेत जन्मलेले, इंग्रजी दिसली की अंगठ्याने वर सरकवणारे. निम्मे पोटापाण्यासाठी कुठून कुठून आलेले, त्यांना इथली भाषा बाजारहाटापुरती कळायची, वाचता मात्र यायची नाही. मधे दोन्ही वाचणारे होते, ते चुका काढायला. शिव्या दोन्ही भाषांत येत आणि त्या समजायला कधी भाषांतराची गरज पडली नाही.

सुरुवातीला बाईंनी दोन्ही भाषा एकाच पोस्टमध्ये घालून पाहिल्या. वर आपली, खाली इंग्रजी. झालं असं की फोनवर पहिल्या दोन-तीन ओळी दिसायच्या आणि बाकीचं ‘आणखी वाचा’च्या मागे दडायचं. इंग्रजीवाल्याला वाटायचं हे आपल्यासाठी नाही, तो पुढे जायचा. मग अठरा नंबर बंद असल्याचं त्याला थांब्यावर उभं राहून कळायचं आणि तो पेटून उठायचा. चित्रात दोन्ही भाषा कोंबल्या तर अक्षरं मुंगीएवढी. एक ना धड, भाराभर चिंध्या. तेव्हापासून दोन वेगळ्या पोस्ट, दोन वेगळी चित्रं, गाडीचा नंबर आणि वेळ पहिल्याच ओळीत.

आधी कुठली टाकायची आणि दोन्ही टाकायच्या का, हे मात्र दर वेळी ठरवावं लागे. बाई स्वतःला एकच प्रश्न विचारत: हे वाचून कोणाला काहीतरी करावं लागणार आहे? विमानतळाच्या गाडीत बसणारे बहुतेक परगावचे, म्हणून तिथे इंग्रजी आधी. शाळेच्या पासची मुदत आयांना पाळायची, म्हणून आपल्या भाषेत, आणि इंग्रजी शाळांसाठी दुसऱ्या दिवशी. रस्ता बंद असेल तर दोन्ही, लगोलग. कोणी खाली प्रश्न विचारला तर उत्तर विचारणाऱ्याच्या भाषेत, त्याला कोणाची मंजुरी लागत नसे. अशा सवयी एकेका चुकीतून लागत गेल्या आणि हळूहळू त्यांचे नियम झाले.

त्यातच दोन नियम असे होते की त्यांची गाठ एकमेकांशी पडेल, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. अपघात झाला तर आधी आपल्या भाषेत, लगेच, कारण ज्यांची माणसं गाडीत असतील ते याच भाषेत धावत येतात. आणि चौकशी, कोर्ट, नुकसानभरपाई असलं काही असेल तर फक्त इंग्रजीत, कारण बससेवेचे वकीलसाहेब इंग्रजीतच तपासत. दोन्ही नियम सुटे सुटे पाहिले तर शहाणेच होते.

मग अठरा नंबरचा अपघात झाला.

टेकडीवरून उतरणारी गाडी खालच्या वळणावरच्या थांब्यात घुसली. गाडीतल्या काहींना खरचटलं, एकाचा हात मोडला. थांब्यावर एक म्हातारे शिंपी उभे होते, गाडीचीच वाट पाहत. ते जागच्या जागी गेले. वाहतूक विभागाचा निरोप आला तो घाईतला, नेहमीच्या साच्यातला: चालकाचं नियंत्रण सुटून गाडी थांब्यात घुसली, एक मृत, चालक निलंबित. बाईंनी नियमाप्रमाणे तेच आपल्या भाषेत नीट लिहिलं, जखमी कुठल्या दवाखान्यात आहेत ते आणि चौकशीचा फोन नंबर घातला, आणि रंगाऱ्याने काळ्या पट्टीचं चित्र केलं. संध्याकाळी लोक घरी परतायच्या वेळी पोस्ट गेली आणि वणव्यासारखी पसरली. त्या संध्याकाळी अनेक जण त्या नंबरामुळे आपल्या माणसापर्यंत पोहोचले. त्यात बाईंचं काही चुकलं, असं तेव्हा कोणीच म्हणालं नसतं.

इंग्रजी पोस्ट उशिरा गेली. ती वकीलसाहेबांच्या नजरेखालून जायची होती. त्यांनी काटछाट करून करून ती अशी केली की गाडीला अपघात झाला, बससेवेला दुःख आहे, चौकशी सुरू आहे. त्यात चालक हा शब्दच उरला नाही. ताकही फुंकून पिणारा माणूस, त्याने आपलं काम चोख केलं.

चौकशी रेंगाळत चालली आणि शेवटी संपली. गाडीच्या ब्रेकची एक जोडणी झिजून निखळली होती. ती बदलायची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि कार्यशाळेत कोणी लक्ष घातलं नव्हतं. उतारावर ब्रेक लागलेच नाहीत. चालकाची चूक नाही, असं अहवालात स्पष्ट लिहिलेलं होतं. चालकाला कामावर परत घेतलं. आणि चौकशीचं म्हणून निवेदन निघालं ते नियमाप्रमाणे इंग्रजीत. देखभालीतली त्रुटी, चालक निर्दोष, बससेवा दिलगीर आहे. चार-दोन जणांनी ते पाहिलं, एकाने ‘चांगली पारदर्शकता’ असं इंग्रजीत लिहिलं, आणि निवेदन खाली सरकून गेलं.

बाईंनीच ते पानावर चढवलं होतं. चढवताना त्यांना काहीतरी खटकलं होतं, पण पुढची पोस्ट तयार होती आणि खटकलेलं तसंच राहून गेलं.

चालक आला तो दुपारी, फेरी संपवून. दारातच उभा राहिला. उंच, खांद्यातून वाकलेला, गणवेशाचा शर्ट जुना आणि कॉलरला विरलेला.

“बाई, आत येऊ?”

“या ना दादा. बसा.”

तो बसला नाही. “माझ्याबद्दल काही आलंय म्हणे आपल्या पानावर. आगारप्रमुख म्हणाले, निवेदन निघालं, तुझं सगळं स्वच्छ झालं. मला इंग्रजी वाचता येत नाही. तेवढं वाचून दाखवता का?”

बाईंनी निवेदन काढलं आणि एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेल्या. तो मान खाली घालून ऐकत होता. ‘चालकाची चूक नाही’ इथे आल्यावर त्याने हात वर केला.

“हे परत सांगा.”

बाईंनी परत सांगितलं.

“असंच लिहिलंय? इतकं सरळ?”

“इतकं सरळ.”

तो आता बसला. फोन काढून त्याने बाईंपुढे धरला. त्यावर बाईंचीच पोस्ट होती, काळ्या पट्टीची, कोणीतरी फोनच्या पडद्याचं चित्र काढून ठेवलेली आणि पुढे पाठवलेली. गल्लीतल्या लोकांच्या गटावर ती पुन्हा पुन्हा फिरत होती. एकाने खाली लिहिलं होतं, ‘आपल्याच गल्लीतल्याने आपलाच माणूस मारला.’

“शिंपी मास्तर आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे,” चालक म्हणाला. “मी त्यांच्या मशिनीखाली खेळत मोठा झालो. काकूंच्या हातचं खाल्लंय. आता मी गल्लीतून जायला लागलो की काकू खिडकी लावून घेतात. बोलत नाहीत, शिव्या देत नाहीत. नुसती खिडकी लावतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

बाईंनी फोन त्याला परत दिला.

“तुम्ही सांगितलं नाही त्यांना? ब्रेकचं?”

“मी सांगून कोण ऐकणार बाई? चोर म्हणतो मी चोरी केली नाही. आईनेसुद्धा पहिल्या दिवशी विचारलं, झोप लागली होती का रे? आईनेच विचारल्यावर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.” त्याने फोन खिशात ठेवला. “मला नोकरी परत मिळाली. गल्ली नाही मिळाली. हे तुम्ही वाचलंत ते आपल्या भाषेत कधी येणार?”

रंगारी इतका वेळ संगणकात तोंड घालून बसला होता, त्याने मान वर केली. हे आपल्या भाषेत येणारच नाही, हे बाईंना ठाऊक होतं.

चालक गेल्यावर बाईंनी दोन्ही पोस्ट शेजारी शेजारी उघडल्या आणि त्यांना लख्ख दिसलं. आपल्या भाषेत आपण एका माणसावर आळ घेतला. इंग्रजीत त्याला निर्दोष सोडलं. पण इंग्रजी वाचणाऱ्यांनी त्याच्यावर कधी आळ घेतलाच नव्हता. त्यांना चालक असतो हेसुद्धा सांगितलेलं नव्हतं. आणि ज्यांनी आळ वाचला, पुढे पाठवला, मोठ्याने वाचून शेजारच्यांना ऐकवला, त्यांच्यापर्यंत खुलासा पोहोचणारच नव्हता. जखम डोक्याला आणि पट्टी पायाला. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे जनसंपर्क अधिकारी, सेवानिवृत्तीला टेकलेले, सभ्य, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण ऐका. इंग्रजीत निवेदन निघालंय, म्हणजे आपण लपवलं असं कोणी म्हणू शकत नाही. आणि आपल्या भाषेत काढलं तर उद्या कार्यशाळेवर मोर्चा येईल. वकील म्हणतात, भरपाईचं प्रकरण उभं राहायचंय, तोवर गाजावाजा नको. सापही मरतो, काठीही तुटत नाही.”

“साहेब, माणूस मोडतोय.”

साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि पुसत बसले. ते वाईट नव्हते. वाईट असते तर बाईंना भांडणं सोपं गेलं असतं.

“पहिली पोस्ट काढून टाकू?” त्यांनी विचारलं.

“काढून उपयोग नाही. तिची चित्रं लोकांच्या फोनमध्ये आहेत. उलट काढली तर म्हणतील, पाहा, आता लपवतायत. आणि त्यातले शब्द बदलले तरी पुढे पाठवलेलं चित्र काही बदलत नाही.”

“मग?”

“जिथे लिहिलं तिथेच, त्याच भाषेत, तेवढंच मोठं लिहायचं की ते चूक होतं.”

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, “नवीन पोस्टला माझी मंजुरी लागते आणि ती मी देऊ शकत नाही. वरून नाही म्हणून आलंय. पण कोणी प्रश्न विचारला तर उत्तर विचारणाऱ्याच्या भाषेत द्यायचं आणि त्याला मंजुरी लागत नाही, हा नियम मीच लावलाय. जे इंग्रजीत जाहीर झालंय ते आपल्या भाषेत उत्तर म्हणून दिलं, तर माझ्याकडे विचारायला यायचं कारण नाही.”

साहेबांनी चष्मा परत कपाळावर चढवला आणि टेबलावर तो शोधू लागले.

बाईंनी चालकाला फोन केला आणि काय करता येईल ते सांगितलं. तो लगेच म्हणाला, “मग मीच विचारतो, आत्ता.”

“तुम्हाला नाही विचारता येणार. कर्मचाऱ्यांनी पानावर काही लिहायचं नाही, असा नियम आहे. परत निलंबित करून घ्याल स्वतःला. आणि मीही विचारू शकत नाही, माझाच प्रश्न आणि माझंच उत्तर, ते नाटक होईल. बाहेरच्या कोणीतरी विचारायला हवं.”

“गल्लीत माझ्यासाठी कोण विचारणार?” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानंतर बाई रोज सकाळी आल्या आल्या आधी ती जुनी पोस्ट उघडून पाहत. खाली नवीन काही आलंय का? कधी कोणी श्रद्धांजलीचे हात जोडत, कधी कोणी चालकाला फाशी द्या म्हणून लिही. प्रश्न कोणीच विचारत नव्हतं. सगळ्यांना उत्तर आधीच मिळालेलं होतं, प्रश्न कशाला पडेल? इकडे कामं चालू होती. पुलाच्या दुरुस्तीची पोस्ट, दोन्ही भाषांत. विमानतळाच्या गाडीची वेळ, इंग्रजी आधी. बाई यंत्रासारख्या करत. रंगाऱ्याने एकदा विचारलं, “एखाद्या ओळखीच्याला सांगू का विचारायला?” बाई म्हणाल्या, “नको. उद्या कोणी शोधून काढलं की तो तुझा मेहुणा आहे, तर चालकाचं निर्दोष असणंही खोटं ठरेल.” रंगाऱ्याने मान डोलावली. त्याचा मेहुणाच त्याच्या मनात होता.

आणि मग एका सकाळी प्रश्न आला.

‘मी ज्यांच्या मृत्यूची ही बातमी आहे त्यांची बायको. मला लिहिता येत नाही, भाची लिहिते आहे. मी सांगते तसं लिही म्हटलंय. चौकशी झाली असं ऐकलं. मला कोणी काही सांगितलं नाही. माझ्या माणसाच्या मरणाला कोण कारण, ते तुम्ही सांगा. खरं काय ते सांगा.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. कोणीतरी विचारावं म्हणून इतके दिवस वाट पाहिली, पण विचारील ती हीच बाई असेल, हे त्यांनी धरलं नव्हतं. चालकाला सोडवायच्या नादात या घराचा त्यांना विसरच पडला होता. त्या बाईचा नवरा गेला, आणि तिला काय झालं ते बससेवेने तिच्या भाषेत कधी सांगितलंच नव्हतं. वकिलामार्फत एक कागद गेला असेल, तोही इंग्रजीतच.

बाईंनी चालकाला फोन लावला. त्याला माहीत होतं.

“आई गेली होती काकूंच्या दारात,” तो म्हणाला. “खिडकी बंद होती. आई बाहेरूनच म्हणाली, माझ्या मुलावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावरही ठेवू नकोस. ज्यांची गाडी आहे त्यांना विचार. एवढं बोलून परत आली.”

बाई लिहायला बसल्या. साहेबांनी आखलेली रेषा स्पष्ट होती. इंग्रजीत जे आहे तेवढंच. तेवढंच भाषांतर करून दिलं तर कोणी बोट ठेवू शकणार नव्हतं. त्यांनी तसं लिहून पाहिलं आणि मोठ्याने वाचलं. कारण त्या गल्लीत वाचणारी एक भाची असेल आणि ऐकणारे दहा. ऐकायला ते सरकारी कागदासारखं लागलं. त्यांनी ते पुसलं. मग असं लिहिलं:

‘काकू, तुम्ही विचारलंत, हे आम्हीच तुम्हाला आधी येऊन सांगायला हवं होतं. चौकशी पूर्ण झाली आहे. गाडीच्या ब्रेकचा एक भाग झिजलेला होता. तो आमच्या कार्यशाळेत वेळेवर बदलला गेला नाही. उतारावर ब्रेक लागले नाहीत. यात चालकाची चूक नव्हती. चूक आमची, बससेवेची आहे.’

इथपर्यंत सगळं इंग्रजीत होतं, शब्द तेवढे सोपे केलेले. बाईंचं बोट थांबलं. पुढची ओळ इंग्रजीत नव्हती. ती लिहिली तर नियम मोडत होता, नाही लिहिली तर जुनी पोस्ट वर तशीच उभी राहणार होती आणि लोक म्हणणार होते, तेव्हा एक सांगितलं, आता एक सांगतात.

त्यांनी लिहिली. ‘अपघाताच्या संध्याकाळी आम्ही याच जागी चालकाचं नियंत्रण सुटलं असं लिहिलं होतं. चौकशी व्हायच्या आधी लिहिलेलं ते वाक्य चुकीचं होतं. ज्यांनी ते पुढे पाठवलं, त्यांनी हेही पाठवावं, ही विनंती.’

रंगारी मागे येऊन उभा होता. त्याने पूर्ण वाचलं आणि म्हणाला, “पाठवा.” बाईंनी पाठवलं.

दुपारपर्यंत साहेबांचा निरोप आला. बाई गेल्या तेव्हा त्यांच्या टेबलावरचा फोन सारखा थरथरत होता आणि ते तो उचलत नव्हते.

“शेवटची ओळ इंग्रजीत नव्हती,” साहेब म्हणाले.

“नव्हती.”

“का घातलीत?”

“इंग्रजीत आपण त्याच्यावर आळ घेतलाच नव्हता, साहेब. तिथे परत घ्यायला काही नव्हतं. इथे होतं.”

वरून कोणी काय बोललं असेल, ते बाईंना साहेबांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. माझी बदली होईल, होऊ दे, असं बाईंनी मनाशी धरलं होतं, तरी भीती होतीच. नोकरीची भीती वाटत नाही असं म्हणणारा एक तर खोटं बोलतो, नाही तर त्याला नोकरी नसते.

“त्या उत्तराचं चित्र काढून लोक आपण होऊन फिरवतायत,” साहेब शेवटी म्हणाले. “त्या काकूंचा प्रश्न वर, आपलं उत्तर खाली. वरच्यांना मी सांगितलं, आता नवी पोस्ट टाकली नाही तर आपण विधवेला कोपऱ्यात उत्तर दिलं असं होईल. त्यांना ते पटलं. पटलं म्हणजे, घाबरले.” त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. या वेळी तो त्यांना पहिल्या खेपेलाच सापडला. “रंगाऱ्याला सांगा, तसंच चित्र करायचं. तीच काळी पट्टी, तेवढीच अक्षरं. संध्याकाळी लावा, लोक घरी जायच्या वेळी, आणि पानाच्या वर टाचून ठेवा.”

“इंग्रजीत पण काढायची?”

“तुम्हीच सांगा. भाषेचं तुम्ही ठरवता.”

बाईंनी विचार केला. दोन्ही भाषांत नाही टाकलं तर ओरड होईल, ही भीती इतक्या वर्षांत त्यांच्या हाडात मुरलेली होती. “नको,” त्या म्हणाल्या. “इंग्रजीत आहे ते पुरे आहे. ही फक्त आपल्या भाषेत.”

पोस्ट लागली. आठवडाभर तिच्याखाली रणधुमाळी चालली. कार्यशाळेवर खरंच लोक गेले, तिथल्या देखभालीची नवी चौकशी सुरू झाली, वकीलसाहेबांनी कक्षात फोन करून बाईंना इंग्रजीत झापलं आणि बाईंनी आपल्या भाषेत ऐकून घेतलं. काही जणांनी आधीचं वाक्य मागे घेतलं, काहींनी घेतलं नाही. फाशी द्या म्हणणारा एक जण आपलं लिहिलेलं गुपचूप पुसून गेला. ‘आपल्याच गल्लीतल्याने’ लिहिणाऱ्याने काहीच केलं नाही. सगळे सुधारतील, इतकं काही जग मऊ नाही.

काकूंकडून मात्र काहीच आलं नाही. त्यांच्या प्रश्नाखाली बाईंचं उत्तर होतं आणि उत्तराखाली शेकडो अनोळखी माणसांचे हात जोडलेले. बाईंना राहून राहून वाटायचं, आपण त्या बाईला काय दिलं? आधी तिच्याकडे निदान एक माणूस होता, ज्याच्याकडे पाहून खिडकी लावता यायची. आता एक झिजलेला लोखंडी तुकडा आणि न पाहिलेली कार्यशाळा. त्यावर खिडकी कशी लावणार? खरं सांगितलं म्हणून तिचं दुःख हलकं झालं असेल, असं बाईंना क्षणभरही वाटलं नाही. चालकाचा फोन आला नाही आणि बाईंनीही केला नाही.

मग कधीतरी, पान उघडल्यावर, त्याच जागी एक नवी ओळ दिसली. भाचीच्याच खात्यावरून.

‘मावशी सांगते तसं लिहिते. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. तीन वेळा वाचून घेतलं. त्या चालकाला माझा एक निरोप द्या, त्याला सरळ सांगायला मला जमत नाही, तोंड उघडत नाही. यांनी त्याचा गणवेशाचा शर्ट शिवायला घेतला होता. तो मशिनीवरच राहिला होता. बटणं लावायची राहिली होती, ती मी लावली. त्याला म्हणावं, येऊन घेऊन जा.’

रंगारी मागून वाचत होता. त्याने विचारलं, “हे इंग्रजीत टाकायचं का? लोकांना आवडेल.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “हे कोणासाठीच टाकायचं नाही. हे एकाच माणसासाठी आहे.”

विचारणाऱ्याच्या भाषेत उत्तर द्यायचं होतं. बाईंनी एकच शब्द लिहिला, ‘सांगते’, आणि चालक फेरीवर निघायच्या आत त्याला गाठायला जिना उतरल्या.